पर्सेंटाइल कळला, गोळीचं काय?

चाळिशीतला, वरवर तंदुरुस्त दिसणारा कुणी व्यायाम करता करता कोसळला की आठवडाभर एकच वाद रंगतो. एक बाजू म्हणते, लाळेचा नमुना देऊन जनुकीय चाचणी केली असती तर हे आधीच कळलं असतं. चाचणी मिळते आहे, तर प्रत्येकानं का करून घेऊ नये? दुसरी बाजू म्हणते, हा पत्रिका बघण्याचाच प्रकार, ज्योतिषाच्या जागी लॅब आली एवढंच. दोघंही एकाच चुकीच्या मुद्द्यावर भांडतात. चाचणी खरी की थोतांड, हा वाद केव्हाच मिटलेला आहे. ती खरी आहे. विचारायला हवं ते वेगळंच: अहवालातला आकडा उलटा आला असता, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं काही बदललं असतं का? माझं म्हणणं असं की आजघडीला बहुतेकांच्या बाबतीत काही बदललं नसतं. ज्या थोड्यांच्या बाबतीत बदलू शकतं, त्यांच्या त्याहून स्वस्त किंवा जास्त नेमक्या चाचण्या सहसा करायच्याच राहिलेल्या असतात.

आधी हृदयविकाराचा जनुकीय धोका सांगणारा हा आकडा, म्हणजे पॉलिजेनिक स्कोअर, बनतो कसा ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. लाळेतून किंवा रक्तातून डीएनए काढतात आणि चिपवर काही लाख ठिकाणची अक्षरं वाचतात. उरलेल्या लाखो जागा वाचत नाहीत. संपूर्ण जनुकसंच वाचलेल्या लोकांच्या संदर्भसंचावरून त्यांचा अंदाज बांधतात. मोठ्या अभ्यासांतून प्रत्येक जागेला एक वजन मिळालेलं असतं: हे अक्षर असलेल्यांत हृदयविकार किती जास्त आढळला. एकेका जागेचा परिणाम अगदी किरकोळ, पण सगळ्यांची बेरीज केली की एक संख्या येते. त्या संख्येला एकटीला अर्थ नाही. ती एका संदर्भगटाशेजारी ठेवली की मग ‘तुम्ही ९२व्या पर्सेंटाइलवर आहात’ असं वाक्य तयार होतं. पर्सेंटाइल काय असतो हे सीईटी दिलेल्या घरांना सांगायला नको. तो रांगेतली जागा सांगतो, किती मार्क पडले ते सांगत नाही; आणि रांगेत तुमच्याबरोबर कोण उभं होतं यावर सगळं अवलंबून असतं.

या स्कोअरच्या बाजूचा सर्वात भक्कम पुरावा २०१८ साली आला. अमित खेरा आणि सेकर कथिरेसन यांच्या गटानं ६६ लाखांहून अधिक जागांचा स्कोअर बनवला आणि ब्रिटनमधल्या यूके बायोबँकेतल्या लाखो लोकांवर तपासला. वरच्या ८ टक्के लोकांना कोरोनरी हृदयविकाराचा धोका इतरांच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त निघाला. फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया या जन्मतः कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या, एकाच जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या आजाराचं प्रमाण साधारण अडीचशेत एक आहे, आणि तो दोष सापडला की आपण सगळं घराणं तपासतो. तेवढाच धोका बाळगणारे लोक वीसपट संख्येनं आपल्या आजूबाजूला फिरत असतील, आणि त्यातल्या अनेकांचं कोलेस्टेरॉल चारचौघांसारखंच असेल, तर त्यांना शोधायचं नाही का? या युक्तिवादाला ‘पत्रिका’ म्हणून उडवून लावणं हा आळस आहे. दक्षिण आशियाई लोकांवरही पुढे पडताळणी झाली. २०२०च्या अभ्यासात, ज्यात भारतातले रुग्णही होते, वरच्या एक-पंचमांश लोकांत खालच्या एक-पंचमांशाच्या तुलनेत धोका तिपटीहून जास्त आढळला.

पण ‘वरचे विरुद्ध खालचे’ ही तुलना शास्त्रीय निबंधात शोभते, ओपीडीत नाही. दारातून आत येणारा माणूस बहुधा मधला असतो. दक्षिण आशियाई लोकांत हा स्कोअर एका प्रमाण विचलनानं, म्हणजे लोकांमधल्या पसाऱ्याच्या एका नेहमीच्या मापानं, वाढला की धोका साधारण १.६ ते १.७ पट होतो. त्याचा अर्थ असा की पुढे हृदयविकार होणाऱ्यांचा आलेख आणि न होणाऱ्यांचा आलेख एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या विचलनानं सरकलेले असतात. बाकी ते एकमेकांवरच पसरलेले. हिशेब केला तर वरच्या १० टक्के लोकांत भावी रुग्णांपैकी सुमारे २२ टक्के सापडतात. म्हणजे दर शंभर हार्ट अटॅकपैकी ७८ ‘वरच्या दहात नाही’ असा निरोप मिळालेल्यांना येणार. जेफ्री रोज यांनी १९८०च्या दशकात रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलबद्दल हेच दाखवलं होतं: मोठा धोका असलेले मोजके लोक जितके रुग्ण देतात, त्याहून जास्त रुग्ण मध्यम धोक्याचे असंख्य लोक देतात. मोजमापाचं साधन जनुकीय झालं म्हणून हे गणित बदलत नाही.

आता निर्णयाचं गणित. अमेरिकेच्या २०१८च्या मार्गदर्शनात पुढच्या दहा वर्षांतला धोका ७.५ टक्क्यांच्या वर गेला की स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुरू करण्याकडे कल झुकतो. समजा, स्कोअर नव्वदाव्या पर्सेंटाइलवर असेल तर सरासरी धोका साधारण १.७ पट होतो, दहाव्यावर असेल तर निम्म्याहून थोडा कमी. ज्याचा नेहमीच्या पद्धतीनं काढलेला धोका २ टक्के आहे, त्याचा वाढून सव्वातीन-साडेतीन झाला. रेषा अजून लांबच. ज्याचा १८ टक्के आहे त्याचा अगदी चांगला स्कोअर आला, तरी आठच्या घरात, रेषेच्या वरच. दोघांच्या हातात पडणारी चिठ्ठी जशीच्या तशी. स्कोअरनं निकाल फिरतो तो साधारण साडेचार ते सोळा टक्क्यांच्या पट्ट्यात, तोही रांगेच्या दोन टोकांना उभ्या असलेल्यांचा. सहा टक्केवाला वरच्या टोकाला असेल तर दहाच्या आसपास जातो, खालच्या टोकाला असेल तर तीनच्या खाली उतरतो. हा पट्टा खोटा नाही, पण अरुंद आहे. शिवाय हा हिशेब स्कोअरला झुकतं माप देणारा आहे, कारण कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह यांतून येणारा जनुकांचा वाटा नेहमीच्या गणनयंत्रात आधीच मोजला गेलेला असतो. तोच पुन्हा गुणला की एकच रक्कम दोनदा खात्यात धरल्यासारखं होतं.

प्रत्यक्ष आकडेही तेच सांगतात. एकाच दिवशी, २०२०च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या ‘जामा’ नियतकालिकात दोन अभ्यास आले. त्यातल्या यूके बायोबँकेच्या अभ्यासात भाकिताची पारख ‘सी’ या मोजमापानं केली होती. एक भावी रुग्ण आणि एक निरोगी असे दोघं समोर ठेवले, तर रुग्णाला जास्त धोका आहे हे शंभरातून किती वेळा बरोबर ओळखलं, असा त्याचा अर्थ. नाणं उडवलं तरी पन्नास वेळा जमतंच. वय, लिंग, बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, मधुमेह या जुन्याच गोष्टींनी ७६ वेळा जमलं, एकट्या जनुकीय स्कोअरनं ६१ वेळा, आणि दोन्ही मिळून ७८ वेळा. दहा लाखांहून अधिक जागांचं फळ दोन गुण. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या दोन दीर्घकालीन पाहण्यांवर होता. तिथे ठळक सुधारणा दिसलीच नाही. पुढे २०२३मध्ये स्कोअरची तुलना हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणाऱ्या साध्या सीटी स्कॅनशी झाली. नेहमीच्या घटकांत कॅल्शियम मिळवल्यावर भर पडली ती नऊ गुणांची, स्कोअर मिळवल्यावर दोनच गुणांची. यात कोडं काही नाही. स्कोअर सांगतो की धमनीत काय साचू शकतं. स्कॅन सांगतो की काय साचलं आहे. पन्नाशीच्या माणसाबद्दल दुसरी माहिती जास्त मोलाची असणारच. युरोपीय हृदयरोग संघटनेनं २०२१च्या प्रतिबंधक मार्गदर्शनात जनुकीय स्कोअर नित्य वापरू नका असं लिहिलं, ते जनुकांवरच्या रागातून नव्हे.

एक नमुना घेऊन पाहू. माणूस काल्पनिक आहे, पण असे रोज येतात. वय ४४, पुण्यात बैठं काम, धूम्रपान नाही. बीपी १३२/८४, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ५.६. एकूण कोलेस्टेरॉल २१४, एलडीएल १३८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १९०. वडिलांना ५१व्या वर्षी हार्ट अटॅक आलेला. गणनयंत्र दहा वर्षांचा धोका तीन-चार टक्के दाखवतं, कारण वय कमी आहे. स्कोअर ९२व्या पर्सेंटाइलवर आला, तर हाच धोका साडेसहाच्या आसपास जाईल आणि डॉक्टर म्हणतील, गोळीचा विचार करू. आता तोच स्कोअर ३०व्यावर आला असं धरा. डॉक्टर काय म्हणतील? ‘जा, मजा करा’? वडिलांचा अटॅक पंचावन्नच्या आत आलेला, दक्षिण आशियाई वंश, ट्रायग्लिसराइड १७५च्या वर: हे तीनही घटक अमेरिकेच्या २०१८च्या मार्गदर्शनात धोका वाढवणारे म्हणून नावानिशी दिलेले आहेत. एचडीएलही कमीच आहे. हे सगळं स्कोअरशिवाय हातात होतं. ३०व्या पर्सेंटाइलनं त्यातलं काहीही पुसलं जात नाही.

या माणसाची पुढची पायरी म्हणजे लायपोप्रोटीन(ए), रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, मोजणं. ही साधी रक्तचाचणी आयुष्यात एकदा केली की पुरते, कारण या कणाची पातळी जवळजवळ पूर्णपणे एकाच जनुकावरून ठरते आणि खाण्यापिण्यानं फारशी हलत नाही. गंमत अशी की ‘जनुकीय चाचणी हवी’ म्हणणाऱ्यांना हवी असलेली गोष्ट हीच आहे, आणि तिला चिप लागत नाही. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४च्या मार्गदर्शनातही ती प्रत्येकानं एकदा तरी करावी असं आहे. ५० मिलिग्रॅमच्या वर आली की धोका वाढलेला समजायचा, आणि भारतीयांत सुमारे चौघांत एकाची तशी असते. समजा, आपल्या माणसाची ९५ आली. गोळीचा प्रश्न तिथेच मिटला. रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅमनं एलडीएल साधारण ४५ टक्के उतरतं, म्हणजे १३८चं ७५च्या आसपास. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, आणि सत्तरच्या खाली न्यायचं ठरलं असेल तर एझेटिमाइब हे दुसरं औषध जोडायचं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी जेमतेम सहा टक्क्यांची भर पडते. लायपोप्रोटीन(ए) १२ आली आणि मन अजून दोलायमान असलं, तर मग कॅल्शियम स्कॅन. ४४व्या वर्षी शून्य आलं तरी मऊ, कॅल्शियम न धरलेला थर असू शकतो हे लक्षात ठेवायचं. शंभरच्या वर आलं तर वाद संपला. या सगळ्या वाटेत पॉलिजेनिक स्कोअर कुठे बसला? बसवायचाच म्हटलं तर अगदी शेवटी.

हे झालं हृदयविकाराच्या स्कोअरचं. एलडीएल कोलेस्टेरॉलचाही वेगळा पॉलिजेनिक स्कोअर असतो आणि तो अहवालात रंगीत पट्टीवर छापून येतो: ‘तुमची कोलेस्टेरॉल वाढण्याची जनुकीय प्रवृत्ती जास्त’. हातच्या कांकणाला आरसा कशाला? एलडीएल काही शे रुपयांत मोजता येतं, आणि मोजलेल्या आकड्यात जनुकं, तूप, थायरॉइड, वजन सगळ्यांचा परिणाम आधीच मिसळलेला असतो. ते १६२ असेल तर प्रवृत्ती कमी असल्यानं १६२चं १३० होत नाही. या स्कोअरचा एक खरा उपयोग मात्र आहे, आणि तो जाहिरातीत नसतो. एलडीएल १९०च्या वर असलेल्या ज्या रुग्णाबद्दल फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमियाची शंका आहे, त्याच्या तीन नेहमीच्या जनुकांत दोष सापडला नाही, तर बहुधा अनेक लहान जनुकांची बेरीजच जास्त भरलेली असते. लंडनच्या गटानं २०१३मध्ये अवघ्या १२ जागांच्या स्कोअरनं हे दाखवलं. एकाच जनुकाचा दोष असेल तर प्रत्येक भावंडाला, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून घरभर जनुकीय तपासणी फायद्याची. बेरीज अनेक जनुकांची असेल तर ती पुढच्या पिढीत विखुरते, आणि नातेवाइकांचं साधं लिपिड प्रोफाइल पुरतं. म्हणजे निर्णय बदलला, पण तो नातेवाइकांच्या चाचणीचा. रुग्णाचं एलडीएल २१५ आहे; त्याची गोळी दोन्ही परिस्थितींत तीच.

समर्थकांचा दुसरा भक्कम मुद्दा असा: जनुकीय धोका जास्त असणाऱ्यांना स्टॅटिनचा फायदाही जास्त होतो. स्कॉटलंडमधल्या ‘वॉस्कॉप्स’ चाचणीत प्रावास्टॅटिननं वरच्या पंचमांशात धोका ४४ टक्के घटला, बाकीच्यांत २४ टक्के. एलडीएल उतरवणाऱ्या पीसीएसके९ इंजेक्शनांच्या दोन मोठ्या चाचण्यांतही वरच्या गटाला जास्त लाभ दिसला. हे निष्कर्ष एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसले आहेत, म्हणून ते गंभीरपणे घ्यायला हवेत. पण नीट वाचा: बाकीच्यांतही २४ टक्के घट झाली. या आकड्यांवरून ‘स्कोअर कमी असेल तर गोळी नको’ असं सिद्ध होत नाही. इंजेक्शनांच्या चाचण्यांतल्या लोकांना आधीच हृदयविकार झालेला होता किंवा धमन्यांचा आजार माहीत होता. स्टॅटिन ते घेतच होते. आणि हे सगळं विश्लेषण चाचण्या संपल्यावर, गोठवून ठेवलेल्या नमुन्यांवर मागाहून केलेलं आहे.

‘मागाहून’ या शब्दावर थांबण्याचं कारण आहे. २००८च्या सुमाराला केआयएफ६ नावाच्या जनुकाचा बोलबाला झाला. त्यातला एक बदल असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका जास्त आणि स्टॅटिनचा फायदाही जास्त, असं झालेल्या चाचण्यांच्या नमुन्यांवरून दिसलं. त्यात हीच ‘वॉस्कॉप्स’ होती. अमेरिकेत ही चाचणी विकली जाऊ लागली, डॉक्टर तिच्यावरून औषधं ठरवू लागले. २०१०मध्ये एकोणीस अभ्यास एकत्र केले तेव्हा त्या बदलाचा हृदयविकाराशी संबंधच दिसला नाही. पुढच्या वर्षी ब्रिटनच्या ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त तो बदल असलेल्यांना आणि नसलेल्यांना स्टॅटिनचा लाभ सारखाच निघाला, आणि अमेरिकी औषध प्रशासनानं चाचणीला मान्यता नाकारली. पॉलिजेनिक स्कोअर केआयएफ६च्या वाटेनं जाईल असं मी म्हणत नाही. त्याचा पाया कितीतरी पक्का आहे. पण ‘कुणाला जास्त फायदा’ हे ठरवायला जुन्या नमुन्यांवरचं मागाहूनचं विश्लेषण पुरतं, असं मानणाऱ्यांना वैद्यकानं एकदा चांगला धडा शिकवलेला आहे.

मग आधीपासून आखून, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी झाली का? झाली, लहानशी. मेयो क्लिनिकमधल्या ‘एमआय-जीन्स’मध्ये मध्यम धोक्याचे, स्टॅटिन न घेणारे दोनशेच्या वर लोक होते. निम्म्यांना नेहमीचा धोका सांगितला, निम्म्यांना त्याबरोबर २८ जागांचा जनुकीय स्कोअरही. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं एलडीएल १०५.९, दुसऱ्याचं ९६.५. समर्थक इथेच टाळी घेतात, आणि घेऊ द्यावी. स्कोअरमुळे उपचार बदलल्याचा हा सर्वात थेट पुरावा आहे. फरक पडला कशामुळे? जनुकीय गटात ३९ टक्के लोकांनी स्टॅटिन सुरू केलं, दुसऱ्यात २२ टक्क्यांनी. आहारातल्या चरबीत किंवा व्यायामात फरक नव्हता. म्हणजे स्कोअरनं नवं औषध सुचवलं नाही. जे औषध त्यांना तसंही देता आलं असतं, ते घ्यायला त्यांचं मन वळवलं. मन वळवणं क्षुल्लक नाही, पण ते करायला जनुकं लागतातच असं नाही. स्वतःच्या धमनीतल्या पांढऱ्या ठिपक्यांचं स्कॅनचं चित्र दाखवूनही तेच काम होतं.

आता ज्या मुद्द्यावर समर्थक सहसा गप्प बसतात तो. लॅब बदलली तर एलडीएल पाच-सात मिलिग्रॅम इकडेतिकडे होईल. स्कोअर बदलला तर काय होतं? अमेरिकेतल्या संशोधकांनी कोरोनरी आजाराचे ४८ प्रसिद्ध स्कोअर एकाच वेळी त्याच लोकांवर लावून पाहिले. निष्कर्ष २०२४मध्ये आला. गट म्हणून सगळ्या स्कोअरची कामगिरी जवळजवळ सारखी. पण व्यक्ती म्हणून? दर पाचातला एक माणूस असा निघाला की तो किमान एका स्कोअरनुसार वरच्या ५ टक्क्यांत होता आणि किमान एका स्कोअरनुसार खालच्या ५ टक्क्यांत. हे चुकून झालेलं नाही. प्रत्येक स्कोअरनं वेगळ्या जागा निवडल्या, वजनं वेगळी लावली. लाखो छोट्या अंदाजांची बेरीज सरासरीला एकसारखी येते, पण एकेका माणसाला वेगवेगळ्या जागी उभं करते. ज्या तराजूवर माल ठेवला की एक दुकानदार पाच किलो आणि दुसरा अर्धा किलो सांगतो, त्यावर औषध कसं तोलायचं?

मराठी माणसाच्या बाबतीत यात आणखी एक घोळ मिसळतो. २०१९ची एक मोजणी सांगते की जनुकीय अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. वजनं त्यांच्याकडून आली. एखाद्या जागेचं अक्षर खऱ्या दोषाच्या शेजारी असतं म्हणून ते खूण ठरतं. पण हा शेजार प्रत्येक समाजात सारखा नसतो, त्यामुळे खूण आपल्याकडे अंधुक होते. त्यात रांग चुकीची असली तर भरच पडते. कोल्हापूरच्या माणसाची बेरीज ब्रिटिश लोकांच्या रांगेत ठेवली, तर कच्च्या बेरजेची सरासरीच वेगळी असल्यानं तो धोक्यापेक्षा वंशामुळे वर किंवा खाली दिसू शकतो. अहवालावर संदर्भगट कुठला, स्कोअर कुठला, भारतीय रुग्णांवर पडताळणी झाली का, हे लिहिलेलं नसेल तर त्या पर्सेंटाइलचं काही करता येत नाही. ‘आता जीनोम इंडिया झाला, दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून झाले’ असं यावर उत्तर येतं. तो प्रकल्प महत्त्वाचा आहे आणि रांग नीट लावायला कामी येईल. पण वजनं ठरवायला जनुकसंचाबरोबर हवं ते म्हणजे कुणाला अटॅक आला, कितव्या वर्षी, आणि कुणाला आला नाही. तशी वर्षानुवर्षांची नोंद लाखो भारतीयांबाबत लागेल.

सगळ्यात अवघड मुद्दा तरुणांचा, आणि तिथे मी सर्वात जास्त मागे हटायला तयार आहे. दक्षिण आशियात पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९च्या आसपास. ‘इंटरहार्ट’ अभ्यासानं हे दाखवलं. दहा वर्षांचा धोका काढणारी यंत्रं वयावर इतकी अवलंबून असतात की पस्तिशीतल्या माणसाला ती कायम ‘कमी धोका’ म्हणतात. कॅल्शियमही त्या वयात बहुधा शून्यच. जनुकं मात्र जन्मापासून तीच. मग स्कोअर करायची खरी वेळ हीच नाही का? तत्त्वतः हो. पण मिळालेल्या आकड्याचं करायचं काय? २००६मध्ये पीसीएसके९ जनुकातल्या बदलामुळे जन्मभर एलडीएल २८ टक्के कमी राहिलेल्या आफ्रिकन अमेरिकन लोकांत कोरोनरी आजार ८८ टक्के कमी आढळला. एलडीएलचा भार वर्षांवर गुणला जातो, हा त्याचा अर्थ. त्यातून निघणारं काम असं की तिशीतच एलडीएल आणि लायपोप्रोटीन(ए) मोजा, जास्त असेल तर लवकर उतरवा. ते स्कोअर न करताही करता येतं, आणि आपल्याकडे तेवढंही होत नाही. स्कोअर बघून तिशीतल्यांना स्टॅटिन दिल्यावर पुढचे अटॅक किती टळतात, याची मोठी चाचणी झालेली नाही. तीस वर्षं गोळी खायला सांगायची, आणि मूल होऊ देण्याच्या बेतात असलेल्या बाईच्या बाबतीत तर ती मधे थांबवायचा विचारही करायचा, तर त्यासाठी चांगलं कारण लागतं.

तरी एक कोपरा मी सोडतो. ज्याला आपल्या घराण्याचा इतिहासच माहीत नाही, म्हणजे दत्तक गेलेला, किंवा वडील अपघातात तिशीतच गेलेले, असा छत्तीस वर्षांचा माणूस. एलडीएल १५०, लायपोप्रोटीन(ए) सामान्य. इथे कौटुंबिक इतिहासाची रिकामी जागा स्कोअर काही अंशी भरतो, आणि तो वरच्या पाच टक्क्यांत आला तर आत्ताच गोळी सुरू करण्याकडे झुकणं समंजसपणाचं ठरेल. ‘काही अंशी’ हे शब्द महत्त्वाचे, कारण घराण्याच्या इतिहासात जनुकांखेरीज एकत्र जेवण, तंबाखू, ताण हेही येतं.

आता ज्यांनी चाचणी करून टाकली आहे आणि अहवाल कपाटात आहे, त्यांचं. आकडा वरचा आला असेल तर लायपोप्रोटीन(ए) केली का ते बघा. नसेल तर त्या नावानंच लॅबला मागा, ती नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये नसते. बीपी एकदा घरी, सकाळी, बसून मोजा. मग चाळिशीच्या पुढे असाल तर कॅल्शियम स्कॅनबद्दल डॉक्टरांशी बोला. आकडा खालचा आला असेल तर जास्त जपायला हवं. ‘जनुकं चांगली आहेत’ असं ऐकून चालू असलेली गोळी सोडावीशी वाटते, आणि ती सोडल्यावर काही आठवड्यांत एलडीएल होतं तिथे परत येतं. छातीत त्याची काहीच जाणीव होत नाही. एलडीएल १९६ असलेल्या माणसाचा स्कोअर १२व्या पर्सेंटाइलवर आला, तरी अहवाल फायलीत लावायचा आणि रात्रीची गोळी घ्यायची.